पाठ पाठ आहे, पण उतारा वाचता येत नाही

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी मी इथे कोड, नोकरी आणि पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलतो. आज मी माझ्या मामेभावाच्या इंग्रजीबद्दल बोलणार आहे. मागे एका भागात ओझरता उल्लेख केला होता, तर बऱ्याच जणांनी विचारलं की तू त्याच्यासाठी उतारे बनवतोस म्हणजे नक्की काय करतोस? तर ते सांगतो. मी शिक्षक नाही, बीटेक केलेला माणूस आहे, त्यामुळे चुका करत करत शिकलेलं सांगतोय. त्या चुकाही सांगतो, कारण खरा मजकूर त्यातच आहे.

भाऊ दहावीला आहे. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा, घरात सगळं मराठी. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मामीने त्याच्या सहामाहीच्या कृतिपत्रिका समोर ठेवल्या आणि म्हणाली, "अरे, तूच बघ बाबा, मला तर काही कळत नाही. अर्धा पेपर छान आणि अर्धा कोरा." बघितलं तर खरंच तसं होतं. पुस्तकातल्या उताऱ्यावरचे जवळजवळ सगळे मार्क मिळालेले. पुस्तकाबाहेरचा उतारा आला की एक-दोन मार्क, आणि बाकी जागा रिकामी. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "दादा, पाठ येतात मला. पण इंग्रजी वाचता येत नाही." आणि लगेच पुढे, "म्हणून मी सायन्स घेणार नाहीये."

हे दुसरं वाक्य ऐकून मी गप्प बसलो. गणित त्याला माझ्यापेक्षा बरं येतं.

मग मी एक गोष्ट करून पाहिली. दहावीच्या कुमारभारतीत रस्किन बाँडची एक गोष्ट आहे, 'द बॉय हू ब्रोक द बँक'. बँकेत झाडू मारणारा नथू पगार वेळेवर मिळाला नाही म्हणून कुरकुर करतो. ती कुरकुर एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाताना वाढत जाते, आणि शेवटी बँक बुडाली म्हणून लोक दारात गर्दी करतात. मी पुस्तक माझ्याकडेच ठेवलं, उतारा दाखवलाच नाही, आणि डायजेस्टमधले त्या पाठाचे प्रश्न विचारले. पठ्ठ्याने सगळ्यांची उत्तरं दिली. 'नथू का वैतागला होता', 'अफवा कशी पसरली', सगळं.

म्हणजे लक्षात घ्या, त्याला मिळालेले मार्क वाचनाचे नव्हतेच, आठवणीचे होते. वर्गात शिकवलेला, घरी डायजेस्टमधून वाचलेला पाठ परीक्षेत समोर आला की डोळे उताऱ्यावरून नुसते फिरतात, उत्तर आधीच तयार असतं. त्यात त्याची चूक नाही. पण मग पुस्तकातल्या पाठावर कितीही 'इन्फरन्स' प्रश्न काढले तरी ते इन्फरन्सचे राहत नाहीत. नथूने तक्रार का केली असेल, हा प्रश्न पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी अनुमानाचा आहे. तिसऱ्यांदा वाचणाऱ्यासाठी तो पाढा आहे.

दुसऱ्या बाजूला, बाहेरचे उतारे आणून दिले की तो शब्दांतच अडकतो. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली गोष्टीच्या मजकुरावर एक प्रयोग केला होता. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यातून निघालं. १३० शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के म्हणजे फार तर दोन-तीन शब्द अनोळखी. इंटरनेटवरून उचललेल्या उताऱ्यात भावाला एका ओळीतच तीन सापडायचे. मग अनुमान कशाचं करणार? तो बिचारा शब्दांची दगडफेक चुकवत चाललेला.

म्हणून मी ठरवलं की शब्द त्याच्या पुस्तकातले घ्यायचे आणि गोष्ट नवी लिहायची. ऐकायला सोपं वाटतं.

पहिला प्रयत्न असा. नथूच्या जागी बेकरीतला पोऱ्या, बँकेच्या जागी बेकरी. मालक एक दिवस दुकान लवकर बंद करतो आणि गावात बोभाटा होतो की बेकरी बंद पडली. शब्द तेच, माणसं वेगळी. भावाने तीन मिनिटांत सगळे प्रश्न बरोबर सोडवले आणि मी खूश. नंतर विचारलं, "हे उत्तर कुठून काढलंस?" तर म्हणाला, "नथूसारखंच आहे ना दादा." झालं! मी फक्त नावं बदलली होती. गोष्टीचा सांगाडा तोच असेल तर मूल सांगाड्यावरून उत्तर देतं. शब्द ठेवायचे, पण कशामुळे काय घडलं ही साखळी बदलायची, हे मला तेव्हा कळलं. अफवेच्या पाठातून अफवेची गोष्ट काढायची नाही.

दुसरा उतारा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मूळ इंग्रजीत होता, साधारण १३० शब्दांचा. पॉडकास्टवर इंग्रजी उतारा वाचून दाखवला तर तुम्ही पुढे ढकलाल, म्हणून मराठीत सांगतो.

एक छोटं दुकान आहे. झाडू मारणारा म्हातारा गेली अनेक वर्षं तिथे आहे. शनिवारी संध्याकाळी पगाराची वेळ. मालक गल्ला उघडतो, नोटा दोनदा मोजतो, आणि सगळ्यांना सोमवारी यायला सांगतो. सोमवारी सगळ्यांना पाकिटं मिळतात. म्हातारा झाडत असताना मालक त्याला विचारतो, "किती वाजले रे?" म्हातारा मालकाच्या मनगटाकडे बघतो. तिथे एक फिकट पट्टा उमटलेला आहे. "साडेसहा, साहेब," तो म्हणतो, पाकीट न मोजताच खिशात टाकतो, आणि पुन्हा झाडायला लागतो.

बस, एवढंच. मालकाने घड्याळ विकलं किंवा गहाण टाकलं, हे उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने जोडायचं.

आता शब्दांचं बघू. इथे माझा धंदा कामाला आला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. वर्गात शिकवून झालेल्या पाठांचा मजकूर मी एका फाइलमध्ये चिकटवला, माझा उतारा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवला, आणि कुठले शब्द पाठांत आलेले नाहीत ते काढलं.

```python
import re

def words(name):
    t = open(name, encoding="utf-8").read().lower()
    t = t.replace("’", "'").replace("-\n", "")
    return re.findall(r"[a-z']+", t)

known = set(words("lessons.txt"))
passage = words("passage.txt")
print(len(passage))
print(sorted(set(passage) - known))
```

मधली `replace` ची ओळ नंतर घातली. पीडीएफमधून कॉपी केल्यावर अपॉस्ट्रॉफी वाकड्या येतात, त्यामुळे `didn’t` चे दोन तुकडे होत होते. आणि ओळीच्या शेवटी हायफनने तुटलेला शब्द दोन खोटे शब्द बनत होता. यादीत विचित्र तुकडे दिसले की समजा, गडबड फाइलमध्ये आहे, उताऱ्यात नाही.

पहिल्या मसुद्यात १४ शब्द नवे निघाले. मी शहाणपणा करून 'पॉनब्रोकर' आणि 'रिलक्टंटली' असले शब्द घातले होते. ते काढून टाकले. शेवटी तीन राहिले. त्यात 'रिस्ट' म्हणजे मनगट हा शब्द गरजेचाच होता, म्हणून त्याचा अर्थ उताऱ्याखाली लिहून दिला. नव्या शब्दाचा अर्थ सरळ सांगून टाकावा, त्याचं कोडं करू नये. आपल्याला शब्दांची परीक्षा घ्यायचीच नाहीये.

पण स्क्रिप्टवर फार विसंबू नका. तिला 'वॉक' आणि 'वॉक्ड' हे वेगळे शब्द वाटतात, ते एक वेळ चालेल. खरा घोटाळा अर्थाचा होतो. मी लिहिलं होतं, "देअर वॉज अ पेल बँड ऑन हिज रिस्ट." स्क्रिप्ट म्हणाली की 'बँड' ओळखीचा आहे, आधीच्या कुठल्यातरी पाठात आलाय. भाऊ वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "दादा, मनगटावर बँड कसा वाजेल?" त्याला लग्नातला बँड माहीत. मी ते बदलून 'व्हाइट मार्क' केलं. शिवाय पुस्तकात शब्द आला म्हणजे मुलाला तो आला असं नसतं, हे तर आहेच. म्हणून देण्याआधी उतारा एकदा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. जिथे अडखळतो तिथे खूण करतो.

आता प्रश्नांकडे येतो. मी प्रत्येक उताऱ्यावर चारच प्रश्न काढतो. पहिला सरळ असतो, मालकाने लोकांना कधी यायला सांगितलं? एका ओळीत उत्तर सापडतं. हा प्रश्न मुद्दाम ठेवतो. हाच चुकला तर अडचण वाचनाची आहे, अनुमानापर्यंत आपण पोचलोच नाही, हे कळतं. दुसरा, मनगटावर खूण कशामुळे असेल? इथे बाहेरचं थोडं ज्ञान लागतं, की रोज घड्याळ घातलं की खाली कातडी फिकी राहते. तिसरा मुख्य, पगाराचे पैसे बहुधा कुठून आले? चौथा, म्हाताऱ्याने पाकीट का मोजलं नसेल?

तिसऱ्या प्रश्नाला मी पर्याय दिले, आणि सगळ्यात जास्त वेळ मला तिथेच लागतो. चुकीचा पर्याय उगाच चुकीचा नसावा. तो कुठल्या तरी ठरावीक चुकीतून आलेला असावा, म्हणजे मुलाने तो निवडला की त्याच्या डोक्यात काय झालं ते आपल्याला कळतं. माझे चार असे होते. बँकेने पैसे दिले, हा नथूच्या आठवणीतून आलेला, उताऱ्यात बँकच नाही. गल्ल्यात पैसे पुरेसे होते, हा 'नोटा मोजल्या' एवढंच पकडून पुढचं सोडून देणाऱ्याचा. रविवारी गिऱ्हाइकांनी उधारी चुकवली, हा जगात शक्य असलेला, पण उताऱ्यात ज्याला एकही आधार नाही असा. आणि मालकाने घड्याळ देऊन पैसे उभे केले, हा बरोबर.

भावाने पहिल्या फेरीत उधारीचा पर्याय निवडला. कारण विचारलं तर म्हणाला, "आपल्या दुकानात असंच होतं की!" मामाचं किराण्याचं दुकान आहे. त्याचं म्हणणं खरंच होतं, पण ते दुकानाबद्दल खरं होतं, उताऱ्याबद्दल नाही. त्याची खरी अडचण मला इथे कळली. तो अंदाज करत नव्हता असं नाही. तो उताऱ्याला सोडून अंदाज करत होता. कृतिपत्रिकेत शेवटी 'पर्सनल रिस्पॉन्स'चा प्रश्न असतो ना, तुझं मत सांग वगैरे, तसंच तो प्रत्येक विचार करायच्या प्रश्नाला समजत होता. त्याच्या लेखी प्रश्न दोनच प्रकारचे. एक ज्याचं उत्तर ओळीत मिळतं, आणि दुसरा ज्यात मनाचं लिहायचं. मधला प्रकार त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

म्हणून नियम केला. उत्तर लिहायच्या आधी उताऱ्यात पेन्सिलने रेघा मारायच्या. एकच रेघ लागली तर प्रश्न सरळ आहे. दोन किंवा तीन वेगवेगळ्या जागी रेघा मारून त्या जोडाव्या लागल्या तर अनुमानाचा. एकही रेघ मारता आली नाही तर एक तर उत्तर मनाचं आहे, नाही तर प्रश्न चुकीचा आहे. तिसऱ्या प्रश्नाला 'नोटा दोनदा मोजल्या', 'सोमवारी या', 'किती वाजले' आणि 'मनगटावरची खूण' अशा चार रेघा मारता येतात. त्याने त्या मारल्या, दोन मिनिटं कागदाकडे बघत बसला, आणि हळूच म्हणाला, "घड्याळ विकलं त्याने?"

मला तिथेच भाग संपवायला आवडलं असतं. पण पुढच्या रविवारी फोन आला.

"दादा, घड्याळ रिपेरला दिलं असेल तर?"

आता काय बोलणार! त्याचं बरोबर होतं. घड्याळ नाही, एवढंच उताऱ्यात होतं. ते दुरुस्तीला दिलं असेल, हरवलं असेल, मालक घरी विसरला असेल. पर्यायांत ते नव्हतं म्हणून माझं उत्तर निभावून गेलं होतं. पर्याय काढून टाकून तोच प्रश्न मोकळा विचारला असता तर 'दुकानात उधारी आली आणि घड्याळ दुरुस्तीला आहे' हे उत्तर मी कुठल्या तोंडाने चूक ठरवलं असतं? दोष उताऱ्याचा होता. अनुमानाच्या प्रश्नात उत्तर लिहायचं नाही हे मला जमलं होतं, पण बाकीच्या वाटा बंद करायचं राहून गेलं होतं.

दुरुस्ती करताना मी आधी उलट्या टोकाला गेलो. मालकाच्या टेबलावर सोनाराची पावती ठेवली. पण मग घड्याळाचा प्रश्न सरळ पावतीवरून सुटतो, एका रेघेत. इन्फरन्स मेला. शेवटी शनिवारच्या प्रसंगात एक वाक्य घातलं. नोटा मोजून झाल्यावर "ही टुक ऑफ हिज गोल्ड वॉच, लुक्ड अॅट द बॅक ऑफ इट, अँड पुट इट ऑन अगेन." घड्याळ सोन्याचं, शनिवारी चालू, आणि पैसे कमी पडल्यावर त्याने ते काढून न्याहाळलं. आता दुरुस्तीचा तर्क अशक्य नाही, पण त्याला आधार उरत नाही. आणि प्रश्नातही बदल केला. 'पैसे कुठून आले' ऐवजी 'उताऱ्यावरून सगळ्यात जास्त आधार कशाला आहे' असं विचारायला लागलो.

आणखी एक तपासणी मी तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाची करतो. उतारा न दाखवता प्रश्न फक्त ऑफिसमधल्या एखाद्या मित्राला विचारायचा. चार पर्यायांत त्याने बरोबर निवडला आणि कारण देता आलं, तर तो प्रश्न उताऱ्याशिवाय सुटतो, म्हणजे बाद. माझ्या बऱ्याच प्रश्नांत बरोबर पर्यायच सगळ्यात लांब आणि नेटका लिहिलेला असायचा, मित्र नुसत्या लांबीवरून ओळखायचा. मग सगळे पर्याय साधारण एकाच लांबीचे करायला लागलो. आणि तोच प्रश्न भावाला मात्र मूळ पाठाची आठवण करून देऊन विचारायचा, उतारा झाकून. त्याला पाठावरून उत्तर आलं तर तोही बाद.

चौथ्या प्रश्नाचं राहिलं, म्हाताऱ्याने पाकीट का मोजलं नाही. याला पर्याय देत नाही, दोन वाक्यं लिहायला सांगतो. इथे एकच बरोबर उत्तर नाही. विश्वास म्हणून, किंवा घड्याळाचं त्याच्या लक्षात आलं म्हणून, दोन्ही चालतं, फक्त मनगटाकडे बघण्याची रेघ उत्तरात आली पाहिजे. भावाने पहिल्यांदा लिहिलं होतं की म्हाताऱ्याला मोजता येत नसेल. हसू आलं, पण रेघ विचारली. रेघ नव्हती. उलट त्याने वेळ बरोबर सांगितली, म्हणजे आकडे कळतात. ते त्याने स्वतःच शोधून उत्तर खोडलं.

ही पद्धत सगळ्या पाठांना लागू होत नाही. कवितेतून असे उतारे मला जमले नाहीत, दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं. चरित्राच्या पाठात गोष्ट नवी रचता येते, पण तिथे खऱ्या व्यक्तीबद्दल खोटं लिहायचं नाही, म्हणून शब्द घ्यायचे आणि माणूस कल्पनेतला करायचा. माहितीपर पाठातून लिहिताना लपवायला काही उरत नाही, मग तिथे 'आधी काय झालं असेल' किंवा 'लेखक हे वाक्य इथे का सांगतोय' असे प्रश्न काढावे लागतात, आणि ते मला अजून नीट येत नाहीत. कुणाला येत असतील तर कमेंटमध्ये सांगा, खरंच.

एक उतारा आणि चार प्रश्न बनवायला मला तासभर लागतो. त्यातली वीस मिनिटं लिहिण्यात, बाकी वेळ पर्याय आणि वाटा बंद करण्यात. आठवड्याला एकच होतो. भाऊ तो शनिवारी सोडवून रेघांसकट फोटो पाठवतो, आणि आम्ही रविवारी बोलतो. उत्तरांपेक्षा मी रेघा बघतो. सुरुवातीला उत्तर बरोबर आणि रेघ कुठेच नाही असं असायचं. आता कधी कधी उत्तर चुकतं, पण रेघा योग्य जागी असतात, आणि मला विचाराल तर हे जास्त बरं आहे.

पूर्वपरीक्षेत बाहेरचा उतारा त्याने पूर्ण सोडवला. मार्क अजून अर्ध्याच्या आसपास, आणि वेळ फार लागला, शेवटचं पत्र घाईत लिहिलं. सायन्सचं विचारलं नाही. मात्र मामी म्हणाली की हल्ली दुकानात बसला की गिऱ्हाइकाचे बूट बघून सांगतो, हा शेतातून आलाय की एसटीतून.

स्क्रिप्ट वर दिलीच आहे, उचला आणि वापरा. घड्याळाचा उतारा इंग्रजीत हवा असेल तर मेल करा, दुरुस्त केलेलाच पाठवतो. पुढच्या भागात परत कोडवर येऊ. चला, भेटू.